हरकत घेतली ती कोणी? जोर, क्लेफ्ट आणि स्यूडोक्लेफ्ट

समजा, गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय पुनर्विकासाचा होता. विकासकाचा प्रस्ताव वाचून दाखवल्यावर एका सभासदाने, सावंत यांनी, हरकत घेतली. सभेला न आलेल्या एका शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारले, ‘काय झाले काल?’ त्याला सांगायची घटना एकच असली, तरी मराठीत ती निदान चार तऱ्हांनी सांगता येते.

‘हरकत सावंतांनी घेतली.’ (‘सावंतांनी’ या शब्दावर आवाजाचा जोर देऊन.)
‘हरकत घेतली ती सावंतांनी.’
‘ज्यांनी हरकत घेतली ते सावंत.’
‘हरकत फक्त सावंतांनी घेतली.’

चारही वाक्यांत सावंतांचे नाव उठून दिसते, म्हणून ती एकाच अर्थाची आहेत असे वाटू शकते. वाक्यातल्या अशा उठून दिसणाऱ्या भागाला भाषाशास्त्रात फोकस म्हणतात. ‘कोणी?’, ‘काय?’, ‘कुठे?’ अशा प्रश्नाचे उत्तर त्या भागात असते. पण फोकस दाखवणे ही एक गोष्ट आहे, आणि त्या फोकसबरोबर ऐकणाऱ्याच्या हाती आणखी काय सोपवले जाते ही दुसरी. चार वाक्यांमधला खरा फरक दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि तो नेमका पाहायचा असेल तर घटनेत थोडी गुंतागुंत आणावी लागते. समजा, हरकत एकट्या सावंतांनी घेतलीच नव्हती. त्यांच्यामागून फर्नांडिस यांनीही उभे राहून हरकत घेतली होती. आता चारांपैकी कोणते वाक्य खरे ठरते, कोणते खोटे, आणि कोणते खोटे नसूनही चुकीचे वाटते?

आधी साधा जोर घेऊ. मराठीत फोकस असलेला शब्द बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी येतो आणि आवाजाचा चढ त्याच्यावर असतो. ‘हरकत सावंतांनी घेतली’ हे ‘हरकत कोणी घेतली?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. ते ऐकणारा मनाशी धरतो की हरकत घेणारे तेवढेच असावेत, कारण आणखी कोणी असते तर सांगणाऱ्याने त्याचेही नाव घेतले असते. म्हणजे ‘तेवढेच’ हा भाग वाक्यात नसतो. ऐकणारा तो सहकार्याच्या अपेक्षेतून स्वतः काढतो, आणि म्हणूनच बोलणारा तो विनासायास मागे घेऊ शकतो: ‘हरकत सावंतांनी घेतली, फर्नांडिसांनीही घेतली.’ या वाक्यात कोठेही विसंगती जाणवत नाही. पहिल्या भागात माहिती दिली, दुसऱ्या भागात तिच्यात भर घातली, इतकेच.

साध्या जोराची दुसरी खूण अशी की ‘कोणीतरी हरकत घेतली’ हे आधी मान्य असण्याची त्याला गरज नसते. ‘काल हरकत घेतली गेली की नाही, मला ठाऊक नाही, पण सावंतांनी घेतली नाही, कारण ते माझ्या शेजारी गप्प बसून होते.’ हे बोलणे अगदी सुसंगत आहे. ‘सावंतांनी’ या शब्दावर कितीही जोर दिला तरी ते बिघडत नाही. आता त्याच जागी दुसरा साचा घालून पाहा: ‘काल हरकत घेतली गेली की नाही, मला ठाऊक नाही, पण हरकत घेतली ती सावंतांनी नाही.’ इथे वाक्य अडखळते. पहिल्या भागात जे माहीत नाही म्हटले, ते दुसऱ्या भागाने झाले असे धरूनच टाकले. हा धरून टाकण्याचा गुण म्हणजे गृहीतक, आणि ते आवाजाच्या जोरातून नव्हे, तर वाक्याच्या घडणीतून येते.

‘हरकत घेतली ती सावंतांनी’ ही घडण जवळून पाहण्याजोगी आहे. एका साध्या वाक्याचे इथे दोन तुकडे केले आहेत: ‘हरकत घेतली’ हा एक आणि ‘सावंतांनी’ हा दुसरा. मध्ये ‘ती’ आहे. अशा दुभंगलेल्या वाक्यांना क्लेफ्ट हे नाव डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी दिले. इंग्रजीत त्यासाठी ‘इट वॉज अमुक हू...’ असा साचा आहे. मराठीचा साचा तसा नाही, पण काम बव्हंशी तेच करतो. आपल्या साच्यातला ‘ती’ सावंतांकडे पाहत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. तो लिंग आणि वचन घेतो ते क्रियापद ज्याच्याशी जुळते त्याचे. म्हणून हरकत घेतली ‘ती’ सावंतांनी, अर्ज दिला ‘तो’ सावंतांनी, कागद मागितले ‘ते’ सावंतांनी. क्रियापद कोणाशीच जुळत नसेल तर नपुंसकलिंगी ‘ते’ येतो: ‘मला बोलावले ते सहीसाठी.’ कर्ता बोलणारा स्वतः असला तरी नियम हाच: पुरुष म्हणतो ‘मी आलो तो कागद बघायला’, स्त्री म्हणते ‘मी आले ती कागद बघायला’. शिवाय ‘सावंतांनी’ या शब्दाचा ‘नी’ जागच्या जागी राहतो. वाक्य दुभंगले तरी तुटलेला तुकडा आपले मूळ नाते, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय, सोबत घेऊनच बाजूला होतो.

असाच दिसणारा, पण वेगळा असलेला एक साचा मराठीत आहे, आणि त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. ‘ती बसली ती उठलीच नाही’ किंवा ‘तो गावी गेला तो गेलाच’ ही वाक्ये क्लेफ्ट नाहीत. त्यांत दुसऱ्या तुकड्यात नवे क्रियापद येते आणि पहिली क्रिया झाल्यावर पुढे काय झाले, किंवा काय झाले नाही, ते सांगितले जाते. ओळखायची रीत सोपी आहे. दुसऱ्या तुकड्याच्या जागी प्रश्नार्थक शब्द ठेवून पाहावा. ‘हरकत घेतली ती कोणी?’ आणि ‘मी आलो तो कशासाठी?’ हे प्रश्न नैसर्गिक आहेत. ‘उठलीच नाही’ च्या जागी असा कोणताही शब्द बसत नाही.

आता मुख्य अवघड भागाकडे येऊ. ‘हरकत घेतली ती सावंतांनी’ असे कोणी म्हटले तर आपल्याला वाटते की इतर कोणी घेतली नाही. नाव घेतलेल्याशिवाय यादीत आणखी कोणी उरत नाही, या अर्थछटेला नि:शेषता म्हणू. साध्या जोरातही ती सुचवली जाते हे आपण पाहिले, पण क्लेफ्टमध्ये ती जास्त चिवट असते. ‘हरकत घेतली ती सावंतांनी, फर्नांडिसांनीही घेतली’ असे म्हटले की बोलणारा आपलेच वाक्य दुरुस्त करतो आहे असे वाटते. त्याच कारणाने क्लेफ्टच्या फोकसला ‘ही’ लावणे कानाला खटकते. ‘हरकत सावंतांनीही घेतली’ ठीक आहे. ‘हरकत घेतली ती सावंतांनीही’ ठीक नाही. हंगेरियन भाषाशास्त्रज्ञ कातालिन ए. किश यांनी 1998 मध्ये नेमक्या अशाच कसोटीवर दोन प्रकारचे फोकस वेगळे केले. एक नुसती नवी माहिती देणारा, आणि दुसरा शक्य असलेल्या नावांमधून निवड करून बाकीची वगळणारा. ‘सुद्धा’ या अर्थाचा शब्द दुसऱ्या प्रकारात बसत नाही, कारण तो वगळलेल्यांना पुन्हा आत आणतो.

मग क्लेफ्ट आणि ‘फक्त’ यांत फरक उरतो का? उरतो, आणि या सगळ्या विषयात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही वाक्यांतून ‘सावंतांनी घेतली’ आणि ‘इतर कोणी घेतली नाही’ या दोन गोष्टी पोहोचतात. पण कोणती गोष्ट सांगितली जाते आणि कोणती धरून चालली जाते, हे दोन्हीकडे उलट आहे. ‘हरकत फक्त सावंतांनी घेतली’ या वाक्यात सावंतांचे नाव जणू मान्यच असते. बातमी आहे ती वगळण्याची. ‘हरकत घेतली ती सावंतांनी’ या वाक्यात, जो कोणी सांगितला जाईल तो पूर्ण उत्तर असेल हे पडद्यामागे राहते. बातमी आहे ती नावाची.

याचा पुरावा नकारात सापडतो. ‘हरकत फक्त सावंतांनी घेतली असे नाही’ असे म्हटले की अर्थ होतो: सावंतांनी घेतली, पण आणखीही कोणी घेतली. ‘हरकत घेतली ती सावंतांनी असे नाही’ असे म्हटले की अर्थ होतो: घेतली कोणीतरी, पण सावंतांनी नव्हे. नकार नेहमी वाक्यात जे ठासून सांगितले आहे त्यालाच लागतो. पहिल्या वाक्यात तो वगळण्याला लागला, दुसऱ्यात नावाला. नि:शेषता क्लेफ्टच्या सांगण्यात असती, तर सावंत आणि फर्नांडिस दोघांनीही हरकत घेतली असताना ‘हरकत घेतली ती सावंतांनी असे नाही’ हे वाक्य खरे म्हणून सहज वापरता आले असते. तसे ते वापरता येत नाही. त्यासाठी ‘हरकत घेतली ती फक्त सावंतांनी असे नाही’ असा ‘फक्त’ घालावाच लागतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी 1981 मध्ये हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दाखवला होता. त्यांची युक्ती मराठीत अशी करता येईल. ‘सावंतांनी हरकत घेतली हे मला माहीत होते, पण हरकत फक्त त्यांनीच घेतली हे आत्ता कळले.’ हे बोलणे ठीक आहे, कारण दुसऱ्या भागात नवी माहिती आहे. ‘सावंतांनी हरकत घेतली हे मला माहीत होते, पण हरकत घेतली ती सावंतांनी हे आत्ता कळले.’ हे विचित्र आहे. क्लेफ्टने नि:शेषता ठासून सांगितली असती तर ‘आत्ता कळले’ म्हणण्यासारखे काही तरी दुसऱ्या भागात सापडले असते. सापडत नाही, कारण सांगितले जाते ते नाव, आणि ते तर आधीच माहीत होते.

यावरून सभेच्या इतिवृत्तात काय लिहिले असता फर्नांडिस कोणत्या शब्दांत उत्तर देतील, याचा अंदाज येतो. इतिवृत्तात ‘हरकत सावंत यांनी घेतली’ असे असेल तर ते म्हणतील, ‘हो, आणि मीही घेतली, माझे नाव घाला.’ ‘हरकत फक्त सावंत यांनी घेतली’ असे असेल तर ते म्हणतील, ‘नाही, हे खोटे आहे.’ आणि ‘हरकत घेतली ती सावंत यांनी’ असे असेल तर बहुधा म्हणतील, ‘हो, पण मीही घेतली होती.’ इथे ‘आणि’ पुरेसा वाटत नाही आणि ‘नाही’ फार होतो. एडगर ओनेआ आणि डेव्हिड बीव्हर यांनी हंगेरियन भाषकांसमोर ठेवलेले पर्याय याच जातीचे होते. वाक्य ऐकवून त्याहून जास्त काही दाखवणारे चित्र समोर ठेवायचे आणि ‘हो, आणि’, ‘हो, पण’, ‘नाही’ यांतून उत्तर निवडायला सांगायचे. हंगेरियनमध्ये क्रियापदाच्या लगेच आधी येणारा फोकस नि:शेष मानला जातो, तरी ‘फक्त’ असलेल्या वाक्याला लोक जसे ‘नाही’ म्हणून फेटाळत, तसे फोकसच्या वाक्याला फेटाळत नसत. ही चाचणी घरात बसल्या बसल्या मराठीवर करून पाहता येते, आणि दोन माणसांची उत्तरे थोडी वेगळी आली तरी बिचकू नये; गृहीत धरलेली गोष्ट मोडली की तिला किती हरकत घ्यायची, यात माणसामाणसांत फरक असतोच.

‘च’ या प्रत्ययाबद्दल इथे थोडक्यात सांगायला हवे, कारण अनेकांना तो ‘फक्त’चाच लघुरूप वाटतो. तो तसा नेहमीच नसतो. ‘सावंतांनीच हरकत घेतली’ याचा अर्थ ‘दुसऱ्या कोणी नाही’ असा होऊ शकतो, किंवा ‘ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्या सावंतांनी’ असाही होऊ शकतो. ‘तो आलाच’ मध्ये तर वगळण्याचा संबंधच नाही. त्यामुळे नि:शेषतेची कसोटी लावताना उदाहरणात ‘च’ आणू नये. कोणत्या घटकामुळे काय झाले ते कळेनासे होते.

आता स्यूडोक्लेफ्ट. ‘ज्यांनी हरकत घेतली ते सावंत.’ क्लेफ्टशी ताडून पाहिले तर पहिला फरक डोळ्यांनाच दिसतो: सावंतांचा ‘नी’ गेला. तो आता ‘ज्यांनी’ या शब्दावर आहे. इथे वाक्याचा तुकडा नुसता बाजूला झालेला नाही. आधी ‘ज्यांनी हरकत घेतली ते’ असे वर्णन करून एक जागा तयार केली, आणि मग त्या जागी सावंतांना बसवले. घडणीच्या दृष्टीने हे ‘या इमारतीचे सचिव सावंत’ या वाक्याच्या जवळचे आहे. वस्तूंच्या बाबतीत आपण बहुधा ‘जे’ गाळून ‘म्हणजे’ घालतो: ‘सावंतांनी मागितले ते म्हणजे वाढीव जागेचा लेखी करार.’

नि:शेषता इथे जास्त घट्ट असते, आणि तिचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ‘ज्याने हरकत घेतली तो’ असे एकवचनात म्हटले की हरकत घेणारा एकच होता हे त्या एकवचनानेच ठरते. दोघांनी घेतली असेल तर असा ‘तो’ कोणी नाहीच, आणि वाक्य खोटे पडण्याऐवजी निराधार होते. मात्र मराठीत आदरार्थी बहुवचन असल्यामुळे ‘ज्यांनी हरकत घेतली ते’ हे एका वडीलधाऱ्या माणसाबद्दलही असू शकते आणि चौघांबद्दलही. ‘ज्यांनी हरकत घेतली ते सावंत आणि फर्नांडिस’ हे निर्दोष आहे; दोघांनी घेतली असताना एकट्या सावंतांवर थांबणे मात्र अपुरे ठरते, कारण ‘ते’ म्हणजे त्या वर्णनात बसणारे सगळे. एकाला एकेरीत आणि एकाला आदराने बोलावणाऱ्या भाषेत ही वचनाची बाजू दर वेळी तपासून पाहावी लागते.

स्यूडोक्लेफ्टसारखी दिसणारी सगळीच वाक्ये मात्र यादी देत नाहीत. ‘सावंतांनी जे मागितले ते अवास्तव होते’ या वाक्यात काय मागितले ते सांगितलेलेच नाही. जे काही मागितले त्याबद्दल मत दिले आहे. ‘सावंतांनी जे मागितले ते म्हणजे लेखी करार’ या वाक्यात मागणीचे नाव सांगितले आहे. पहिले गुण सांगते, दुसरे जागा भरते. इंग्रजीतला हा भेद रॉजर हिगिन्स यांनी 1973 च्या आपल्या प्रबंधात तपशिलाने मांडला. मराठीत तो ओळखायला ‘म्हणजे’ उपयोगी पडतो: ‘जे मागितले ते म्हणजे अवास्तव होते’ असे म्हणता येत नाही. नि:शेषतेची चर्चा फक्त जागा भरणाऱ्या वाक्यांना लागू आहे.

दोन्ही साच्यांत काही तरी धरून चाललेले असते, तर एकाऐवजी दुसरा वापरता यायला हवा. तसा तो येत नाही. एलन प्रिन्स यांनी 1978 मध्ये इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापरातली उदाहरणे तपासून दाखवले की स्यूडोक्लेफ्टचा पहिला भाग त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात असावा लागतो, किंवा निदान सहज यावा लागतो. क्लेफ्टच्या बाबतीत ही अट नसते. त्यातला गृहीत भाग ऐकणाऱ्याला पूर्ण नवा असू शकतो. बोलणारा तो फक्त सर्वमान्य सत्याच्या सुरात मांडतो. मराठीतही हेच आढळते. ‘मुंबईत चलचित्रे पहिल्यांदा दाखवली गेली ती 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलमध्ये.’ या वाक्याने एखाद्या लेखाची सुरुवात करता येते. हॉटेलच काय, मुंबईत चित्रपट कधी आला याचा वाचकाने कधी विचार केला नसला तरी चालते. त्याऐवजी ‘मुंबईत चलचित्रे जिथे पहिल्यांदा दाखवली गेली ते ठिकाण म्हणजे वॉटसन हॉटेल’ असे लिहिले तर ‘ते ठिकाण कोणते?’ हा प्रश्न आधीच कोणी विचारला होता असे वाटते. प्रश्नमंजूषेत, किंवा चित्रपटाच्या जागांबद्दल बोलणे आधीच सुरू असताना, तेच वाक्य अगदी बरोबर बसते.

क्लेफ्टची ही मोकळीक जपून वापरायची गोष्ट आहे. नवा, आणि कदाचित वादग्रस्त, मजकूर त्यात मान्य गोष्टीच्या वेषात येतो. सभेनंतर कोणी म्हणाले, ‘सभेचा वेळ वाया गेला तो सावंतांमुळे’, तर सावंत चटकन म्हणतील, ‘नाही, माझ्यामुळे नाही.’ त्यांनी नावापुरता नकार दिला, पण वेळ वाया गेला हे मात्र त्यांच्याही तोंडून मान्य झाले. तेच साध्या वाक्यात, ‘सावंतांनी सभेचा वेळ वाया घालवला’ असे म्हटले असते, तर त्यांच्या ‘नाही’ ने सगळे विधान एकदम खोडले असते. क्लेफ्टला तसे उत्तर द्यायचे असेल तर नावाच्या आधी थांबून पहिल्याच तुकड्याला हात घालावा लागतो: ‘थांबा, वेळ वाया गेला असे ठरले कधी? हरकत नोंदवणे हे सभेचेच काम होते.’